पुण्यातील लोकरी स्वेटर: फेब्रुवारी ते डिसेंबर २०२४ च्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२४, शनिवार

डेहराडूनमधील नोकरीची सतरा वर्षे संपवून आम्ही पुण्यात परतलो, तेव्हा सामानात नऊ लोकरी स्वेटर होते. तिथे ते वर्षातून पाच महिने अंगावर असत. इथे जेमतेम सहा आठवडे लागतात आणि उरलेले दहा महिने, मधला संपूर्ण पावसाळा धरून, ते कपाटात असतात. पुण्यात स्वेटर खराब होतो तो वापरून नव्हे, ठेवून, हे आज कपाट रिकामे करताना ध्यानात आले.

तीन प्रकारचे नुकसान दिसले. लाल स्वेटर गेल्या वर्षी मीच इतर कपड्यांबरोबर धुलाईयंत्रात टाकला होता. तो आता आठ वर्षांच्या मुलाला बसेल एवढा उरला आहे. हिरव्या आणि तपकिरी स्वेटरला काखेजवळ व गळ्यापाशी भोके पडली आहेत. राखाडी स्वेटर मावशीने माझ्यासाठी २००९ साली विणला. तो चार वर्षे हँगरवर टांगलेला होता, त्यामुळे त्याच्या दोन्ही खांद्यांवर शिंगांसारखे उंचवटे आले आहेत आणि बाह्या मनगटाखाली लोंबतात. उरलेले पाच वरून तरी धड दिसतात.

भोके असलेले दोन्ही स्वेटर बाल्कनीत पांढऱ्या चादरीवर झटकले. हिरव्यातून तांदळाच्या दाण्यापेक्षा किंचित मोठ्या दोन नळ्या पडल्या. दोन्ही टोकांना उघड्या होत्या आणि रंगाने स्वेटरसारख्याच हिरव्या. एक नळी भिंगाखाली धरली, तर तिच्या टोकातून तपकिरी डोक्याची अळी बाहेर आली आणि नळी मागे ओढत उजेडापासून दूर सरकू लागली. खाल्लेल्या लोकरीचेच तंतू गुंफून ती हे घर बांधते, म्हणून नळीला स्वेटरचा रंग येतो. आपण चांदीसारख्या चकचकीत, वळवळत्या किड्यालाही कसर म्हणतो आणि या अळीलाही. चांदीचा किडा मात्र कागद, खळ आणि खळ दिलेले सुती कपडे खातो. लोकरीला भोके पाडते ती पतंगाची अळी. मोठा झालेला पतंग काहीच खात नाही, त्याला खाण्याजोगे तोंडच नसते. घरात उडणारा पतंग मारून समाधान मिळते, पण तोपर्यंत मादीने घडीच्या आत चाळीस-पन्नास अंडी घातलेली असू शकतात.

हे दोन स्वेटर आधी धुवायचे नाहीत असे ठरवले. कोमट पाण्याच्या सौम्य धुण्याने सगळी अंडी मरतील याची खात्री नसते, आणि कढत पाणी लोकरीला चालत नाही. दोन्ही स्वेटर सैल घडी करून वेगवेगळ्या पॉलिथिनच्या पिशव्यांत घातले, आतली हवा दाबून काढली, तोंडे चिकटपट्टीने बंद केली आणि पिशव्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. आतील तापमापक उणे १८ अंश दाखवतो. एवढ्या थंडीत पूर्ण दोन आठवडे काढावे लागतात, कारण जाड लोकरीच्या गाभ्यापर्यंत थंडी पोहोचायला वेळ लागतो आणि अळी चिवट असते. आइस्क्रीम बाहेर काढावे लागले. घरातून निषेध नोंदवण्यात आला.

४ फेब्रुवारी

अळी आली कुठून, याचा शोध आज घेतला. कपाटाच्या फटींतून ब्रशने धूळ काढली, कागद बदलले आणि कोपऱ्यांत व्हॅक्यूम क्लीनरची नळी फिरवली. कपाटात आणखी एक रिकामी नळी सापडली, एवढेच. मुख्य ठिकाण कपाटात नव्हते. कपाटामागच्या भिंतीत वातानुकूलन यंत्रासाठी ठेवलेला चौकोनी कोनाडा आहे. त्याच्या बाहेरच्या बाजूला पारव्यांचे जुने घरटे होते. पिसे, विष्ठा, वाळक्या काड्या आणि त्यात तशाच राखाडी नळ्या. लोकर, केस आणि पिसे या तिन्हींमध्ये केराटिन हेच प्रथिन असते आणि या अळीला ते पचते, त्यामुळे पारव्याचे घरटे हे तिचे माहेर म्हणायला हरकत नाही. नाकाला फडके बांधून घरटे काढले, कोनाडा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसला आणि जाळी ठोकून घेतली.

डांबरगोळ्या आणाव्यात की नाही, यावर बोलणे झाले. नॅप्थालीनची वाफ बंद पेटीत दाटली तर अळीला मारते, हे खरे आहे. ती हवेपेक्षा जड असते, म्हणून गोळ्या कपड्यांच्या वर ठेवायच्या असतात; आपण सहसा तळाशी टाकतो. पण रोज उघडझाप होणाऱ्या कपाटात ती दाटतच नाही, नुसता वास येत राहतो. शिवाय घरात तीन वर्षांचा नातू आहे. गोळी गिळली तर ती विषारी आहेच, आणि जन्मतः काही विकराची उणीव असलेल्या मुलांच्या तांबड्या रक्तपेशी तिच्या वाफेनेही फुटू शकतात. गोळ्या बाद. वेखंडाच्या कांड्या ठेवण्याची आईची पद्धत आम्ही चालू ठेवू, पण तो दाराशी ठेवलेला पहारेकरी आहे. घडीच्या आत शिरलेल्या अळीचे त्याने काही बिघडत नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार

लाल स्वेटर का आटला, याचे उत्तर मला अंदाजाने नको होते. राखाडी स्वेटरची उरलेली लोकर मावशीने जपून ठेवली होती. तिच्याकडून त्याच लोकरीचे, त्याच सुयांवर, १५ सेंटिमीटर बाजूचे चार चौकोन विणून घेतले. मावशी म्हणाली, “अरे, वाट लावण्यासाठी विणून घेणारा गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटलाय.”

पहिला चौकोन ६० अंशांच्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवला, त्याला हात लावला नाही, पाणी आपोआप निवू दिले आणि मग आडवा वाळवला. दुसरा ३० अंशांच्या कोमट पाण्यात, पण कपड्याच्या नेहमीच्या पावडरीत, पाच मिनिटे तळहातांत चोळला आणि फ्रीजमधल्या थंड पाण्यात विसळला. तिसरा दोन जीन्सबरोबर यंत्रात ६० अंशांवर, सुती कपड्यांच्या पूर्ण धुलाईत घातला. चौथा ३० अंशांच्या पाण्यात लोकरीसाठीचे द्रव साबण घालून नुसता बुडवला, दोनदा हलके दाबला आणि तेवढ्याच तापमानाच्या पाण्यातून काढला.

वाळल्यावर मापे घेतली. गरम पाण्यात स्वस्थ राहिलेला चौकोन १४.८ सेंटिमीटर भरला. कोमट पाण्यात चोळलेला १३.५, आणि त्याच्या पृष्ठभागावर टाके पुसट झाले. यंत्रातला १०.७; टाके दिसतच नाहीत आणि कात्रीने कापला तरी धागा सुटत नाही. चौथा १५ चा १५ राहिला.

गरम पाण्याला आपण फार बोल लावतो. लोकरीचा प्रत्येक तंतू माशासारखा खवल्यांनी झाकलेला असतो आणि सगळ्या खवल्यांची टोके तंतूच्या शेंड्याकडे असतात. ओली, उबदार लोकर हलवली, की तंतू एकाच दिशेने पुढे सरकतो; परत यायला गेला की शेजारच्या तंतूचे खवले त्याला अडवतात. प्रत्येक घुसळणीबरोबर हे तंतू एकमेकांत अधिकाधिक रुततात. ऊब आणि क्षार यांनी तंतू फुगतो आणि लवचिक होतो, त्यामुळे रुतणे सोपे होते. पण खरे काम करते ती घुसळण. पश्चिम महाराष्ट्रात लोकरीचे जेन, म्हणजे न विणता केलेले जाड अंथरूण, करताना हेच मुद्दाम घडवतात: पिंजलेली लोकर पसरून, ओली करून, गुंडाळून दाबत आणि लाटत राहतात. मी लाल स्वेटरचे यंत्रात जेन केले होते.

पावडरीचे पाणी दर्शक कागदाने तपासले. कागदाचा रंग १० च्या जवळपास गेला. लोकरीच्या द्रवाच्या पाण्याने तो ७ वर राहिला. पावडरीचा दुसरा दोष डब्यावर वाचायला मिळाला. डाग काढण्यासाठी तीत प्रथिने तोडणारी विकरे आहेत, आणि लोकर स्वतःच प्रथिन आहे.

१७ फेब्रुवारी

राखाडी स्वेटर धुण्याआधी त्याची मापे घेतली. तपकिरी कागदाच्या तावावर तो न ओढता पसरला आणि भोवती पेन्सिलने रेघ मारली. मावशीच्या वहीत २००९ ची मापे आहेत, त्यामुळे तुलना करता आली. पाठीची खांद्यापासून खांद्यापर्यंतची रुंदी वहीत ४४ सेंटिमीटर आहे, आज ४७.५ भरली. लांबी ६८ ची ७१ झाली आहे आणि बाही ४७ ची ४९. छाती मात्र दुमडलेल्या मापाने ५४ होती, ती ५३ झाली. टांगलेले विणकाम खाली ताणले जाते आणि त्याबरोबर थोडे आडवे आक्रसते, हे इथे आकड्यांत दिसते. नुसती लांबी वाढली असती तर मी सैल विणीला दोष दिला असता.

कागदावर आतल्या बाजूने वहीतील मापांची दुसरी, लाल रेघ मारून ठेवली. वाळवताना ती लागेल.

बाहीच्या आतील कडेला ओला पांढरा रुमाल मिनिटभर दाबून धरला. रुमालाला रंग लागला नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

आज धुलाई झाली. काम चाळीस मिनिटांचे असले तरी ते नीट लिहून ठेवतो, कारण पुढच्या वर्षी ते कदाचित मुलगा करील.

मोठ्या प्लॅस्टिकच्या टबात १२ लिटर पाणी घेतले. त्याच तापमानाच्या पाण्याने भरलेल्या आणखी दोन बादल्या आधीच तयार ठेवल्या, म्हणजे विसळताना अचानक थंड पाणी लागत नाही. पाणी ३० अंशांचे होते. कोपर बुडवले तर गरमही वाटत नाही आणि गारही नाही, इतपत. त्यात लोकरीच्या द्रवाचे बाटलीवर सांगितलेले प्रमाण, म्हणजे आमच्या बाटलीनुसार एक टोपण, आधी पूर्ण मिसळले आणि मगच स्वेटर आतली बाजू बाहेर करून पाण्यात ठेवला. लोकर सुरुवातीला पाण्यावर तरंगते. तिला दाबून बुडवायची घाई केली नाही. चार-पाच मिनिटांत ती स्वतः पाणी पिऊन खाली बसली. दहा मिनिटे भिजल्यावर दोन्ही तळव्यांनी, पोळीचा गोळा चेपावा तसे, वरून खाली दहा-बारा वेळा दाबले. गळा आणि काखा एवढ्याच ठिकाणी थोडे अधिक दाबले. चोळणे, ब्रश, आपटणे काही नाही.

माझी आई हे काम रिठ्याने करीत असे. आठ-दहा रिठ्यांची टरफले रात्रभर भिजवून, कुस्करून, गाळून घेतलेले पाणी लोकरीला साबणापेक्षा सौम्य असते आणि बोअरिंगच्या जड पाण्यात साबणासारखी साय धरत नाही. पांढऱ्या किंवा फिक्या लोकरीवर मात्र त्याचा तांबूस रंग चढतो. राखाडीला ते चालले असते, पण आमच्या नऊपैकी दोन स्वेटर पांढरट आहेत आणि मला सर्वांना एकच पद्धत हवी होती.

पाण्याबाहेर काढण्याचा क्षण सर्वांत धोक्याचा. कोरडा स्वेटर काट्यावर ६२० ग्रॅम भरला होता. पाण्यातून परातीत काढून तोलला तेव्हा काटा २ किलो १०० ग्रॅमवर गेला. ओली लोकर कोरड्यापेक्षा कमकुवत असते आणि सहज ताणली जाते. खांद्यांना धरून उचलला असता, तर हे दीड किलो जादा पाणी खांद्यांनाच लोंबले असते. म्हणून दोन्ही हात खालून घालून, झोपलेल्या बाळाला उचलावे तसा तो अख्खा उचलून दुसऱ्या बादलीत नेला. दोनदा विसळला. दुसऱ्या पाण्यात दोन चमचे पांढरे व्हिनेगर घातले होते, म्हणजे लोकरीत राहिलेला क्षार निघून जातो.

पिळला नाही. उशीच्या जुन्या अभ्र्यात घडी करून घातला, अभ्र्याचे तोंड बांधले आणि अर्ध-स्वयंचलित यंत्राच्या सुकवणाऱ्या भांड्यात बाजूने वेढून ठेवून एक मिनिट फिरवला. यंत्राला घाबरण्याची सवय लागलेल्यांना हे विचित्र वाटेल. पण गरगर फिरताना स्वेटर भांड्याच्या भिंतीला चिकटून स्थिर राहतो, तंतू एकमेकांवर घासत नाहीत, फक्त पाणी बाहेर फेकले जाते. घासणे होते ते धुण्याच्या भांड्यात. फिरवल्यानंतर वजन ९१० ग्रॅम भरले. असे भांडे नसेल तर जाड टॉवेलावर पसरून, टॉवेलासह गुंडाळी करून गुडघ्याने दाबायचे. काल पांढऱ्या स्वेटरला तसेच केले होते आणि दोन टॉवेल लागले.

२० फेब्रुवारी

बैठकीच्या खोलीत नायलॉनच्या पट्ट्यांची खाट पंख्याखाली ठेवली. तिच्यावर जुनी चादर, चादरीवर लाल रेघेचा तपकिरी कागद आणि त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक, म्हणजे पेन्सिलीची रेघ लोकरीला लागत नाही. ओला स्वेटर त्यावर ठेवून बोटांनी थोपटत लाल रेघेपर्यंत आणला. लांबी खालून वर लोटली, छाती बाजूंना थोडी पसरवली, बाह्या आखूड केल्या. ओली लोकर जुना ताण सोडून देते आणि वाळताना ज्या आकारात असेल तो धरून ठेवते. चुकीने टांगली तर चुकीचा आकारही तेवढ्याच निष्ठेने धरते. काठांच्या उलट-सुलट पट्ट्या मुद्दाम आवळून ठेवल्या. तिथे ओढले असते, तर त्या पुन्हा कधी आवळल्या नसत्या.

पहिल्या दिवशी सहा तासांनी खालचे प्लॅस्टिक आणि कागद काढून घेतले, नाहीतर खालची बाजू कोंदट राहते. दुसऱ्या दिवशी स्वेटर उलटा केला. ऊन लागू दिले नाही. कडक उन्हात फिकी लोकर पिवळी पडते. आज सकाळी काटा ६१८ वर स्थिर झाला. माप घेतले: लांबी ६८.५, बाही ४७.५, छाती ५४. पाठ ४५.

२४ फेब्रुवारी

शिंगे गेली, पण पाठीचा एक सेंटिमीटर काही जाईना. आकार दिला तेव्हा मी ४४ वर आणले होते; वाळल्यावर ते सैल पडले. खांद्यावरचे टाके चार वर्षे हँगरच्या टोकांवर ताणलेले होते आणि तिथली लोकर दमली आहे. मावशीने खांद्याची शिवण उलटी करून दाखवली. पुढच्या आणि मागच्या तुकड्याची जोड हाच स्वेटरचा कणा असतो आणि त्यावर बाह्यांचे सगळे वजन येते, असे ती म्हणाली. सैल धाग्याने जोडलेला खांदा घडीत ठेवला तरी हळूहळू वाहतो.

तिने अर्धा सेंटिमीटर रुंदीची सुती फीत आधी गरम पाण्यातून काढून आटवून घेतली. नाहीतर पुढच्या धुण्यात ती आटून खांद्याला चुण्या पडल्या असत्या. मग ती एका खांद्याच्या टोकापासून गळ्याच्या मागून दुसऱ्या टोकापर्यंत, नेमकी ४४ सेंटिमीटर मापून, आतून शिवणीवर टाचली. शिवताना लोकर फितीवर किंचित जमवून घेतली. बाहेरून काही दिसत नाही. काम पाऊण तासाचे. नवीन स्वेटर घरी विणला जात असेल, तर हे पहिल्याच दिवशी करून घ्यावे असे माझे मत झाले आहे. नंतर करणे म्हणजे डागडुजी.

लाल स्वेटरसाठी केसांच्या कंडिशनरचा प्रयोग केला. कोमट पाण्यात तो मिसळून अर्धा तास भिजवला, दाबून पाणी काढले आणि कागदावर ओढून टाचण्या लावल्या. लांबी ५१ होती, वाळल्यावर ५२.५ झाली. मूळ ६७. गुंतलेले खवले कंडिशनरने निसरडे होतात, पण सुटत नाहीत. जो थोडा भाग केवळ आक्रसला होता, तेवढाच परत आला. प्रयोग थांबवला.

२ मार्च

हिरवा आणि तपकिरी स्वेटर १७ फेब्रुवारीला बर्फातून बाहेर काढले होते. पिशव्या आणखी एक दिवस न उघडता खोलीत ठेवल्या, म्हणजे बाहेरची दमट हवा थंड लोकरीवर दव होऊन बसत नाही. त्यानंतर झटकले, धुतले, आणि आज भोके बुजवली. काखेजवळचीच जागा का, हे धुण्याच्या पाण्याने सांगितले: इतर स्वेटरांचे पाणी फिकट करडे निघाले, या दोघांचे चहासारखे. नुसत्या स्वच्छ लोकरीवर अळीचे पोषण नीट होत नाही. घाम, त्वचेचे कण, सांडलेले वरण यांतून तिला हवे ते मिळते. तपकिरीच्या गळ्याचे भोक जिथे आहे, तिथे माझ्या आठवणीप्रमाणे एका लग्नात आमटी सांडली होती आणि मी ती रुमालाने पुसून विषय संपवला होता.

म्हणून नियम असा केला: हंगामात प्रत्येक वेळी धुवायचे नाही, रात्री खुर्चीच्या बैठकीवर पसरून वारा द्यायचा, पण ठेवणीत जाताना एकदाच अंगाला लागलेला स्वेटरही धुवूनच जाईल.

१७ मार्च, रविवार

ठेवणीचा दिवस. पुण्यात मार्चची दुपार कोरडी असते आणि मला तीच हवी होती. लोकर हवेतील बाष्प भरपूर शोषते आणि तरी हाताला कोरडीच लागते. हाताऐवजी काट्यावर विश्वास ठेवला. सर्व स्वेटर दोन दुपारी पंख्याखाली पसरून ठेवले. फेब्रुवारीत ६२० भरलेला राखाडी आज दुपारी तीन वाजता ६०८ भरला. बारा ग्रॅम पाणी कमी असलेला हा स्वेटर लगेच पिशवीत घातला. संध्याकाळपर्यंत थांबलो असतो, तर त्यातले काही परत आत शिरले असते.

घडी मावशीच्या पद्धतीने घातली. स्वेटर पालथा, बाह्या पाठीवर आडव्या, मग खालून दोन घड्या. खांद्यांवर कुठेही वजन किंवा मोड येत नाही. मोडांत मऊ सुती फडक्याची गुंडाळी ठेवली. जिपाच्या जाड पॉलिथिन पिशवीत स्वेटर आणि सिलिका जेलची एक पुडी. हवा हलकी दाबून काढली. निर्वात पिशव्या मुद्दाम घेतल्या नाहीत, कारण दहा महिने चेपलेली लोकर पुन्हा फुलायला फार दिवस घेते. सर्वांत जड स्वेटर तळाशी, पातळ वर, पेटीत चारापेक्षा जास्त थर नाहीत.

निळा स्वेटर तुलनेसाठी पिशवीऐवजी मलमलीत गुंडाळून त्याच पेटीत ठेवला. वजन ४१० ग्रॅम. प्रत्येक पिशवीवर तिचे एकूण वजन लिहिले. राखाडीच्या पिशवीवर ६३४ आहे.

२८ जुलै

आठ दिवस ऊन नाही. भिंतीलाही घाम फुटला आहे. पेटी उघडली, पण पिशव्या उघडल्या नाहीत, नुसत्या तोलल्या. राखाडी ६३७. निळा मलमलीत ४४७, म्हणजे ३७ ग्रॅम पाणी त्याने हवेतून उचलले, आणि त्याला हाताने कोणी ओला म्हणाले नसते. त्याच्यावर बुरशी नव्हती, मात्र बंद खोलीसारखा वास होता. न धुता ठेवला असता, तर एवढ्या ओलाव्यात बुरशीला खाद्यही मिळाले असते. पिशवी बंद करताना लोकर ओलसर असती, तर हीच पिशवी तिच्यावर उलटली असती, कारण आतला ओलावा बाहेर जायला वाट नाही. मलमल चुका माफ करते; पॉलिथिन करीत नाही.

पेटीच्या मागे भिंतीवर एक चपटी राखाडी पिशवी लटकलेली दिसली. ही घरातली दुसरी, कोळ्याच्या जाळ्यांवर आणि केसांवर जगणारी अळी. लोकर मिळाली तर तिलाही चालते. कोपऱ्यातली जळमटे काढली.

२० ऑक्टोबर

ऑक्टोबरच्या उन्हाने हवा पुन्हा कोरडी झाली. सर्व पिशव्या बाल्कनीत उघडून पांढऱ्या चादरीवर स्वेटर झटकले. नळी नाही, भुसा नाही, नवे भोक नाही. निळाही शाबूत निघाला, पण त्याचे श्रेय मलमलीला देता येणार नाही. घरटे काढले आणि स्वेटर धुतला, हे त्याच्याही बाबतीत खरे आहे. त्याचा वास जायला सावलीत तीन दिवस लागले. पिशवीतल्या स्वेटरांना वास नव्हता, मोडांच्या खुणा मात्र होत्या. न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफ धरली आणि स्वेटर पाऊण तास आडव्या दांडीवर घडी टाकून ठेवले, तेव्हा त्या पुसट झाल्या. पुढच्या वर्षी फडक्याच्या गुंडाळ्या जाड करायच्या आणि निळाही पिशवीत जाईल.

१५ डिसेंबर, रविवार

राखाडी स्वेटर या थंडीत सहा वेळा घातला. आज माप घेतले: पाठ ४४, लांबी ६९, बाही ४८. फितीने धरलेले जागेवर आहे. जिथे फीत नाही तिथे अर्धा-अर्धा सेंटिमीटर सुटले. कोपराच्या वजनाने बाही ओढली जाते, त्याला इलाज फेब्रुवारीच्या धुण्यात कागदावर पुन्हा आकार देणे एवढाच. कपाटातले पाच हँगर काढून शर्टांना दिले.

लाल स्वेटर कात्रीने कापला. कडा उसवत नाहीत, त्यामुळे दुमडून शिवायचीही गरज पडली नाही. त्यातून नातवाच्या पाटाला एक आसन आणि मावशीच्या शिलाईयंत्राखाली घालायला एक तुकडा निघाला. दोन्ही वस्तू लोकरीच्याच आहेत, म्हणून कसरीच्या तपासणीच्या यादीत त्यांचीही नावे लिहिली.